वीस मिलीमोलर फॉस्फेट, पीएच २.५०: मीटर दर वेळी २.७ का दाखवतो?

तेजस,

लॉगबुकातल्या गेल्या काही लॉटच्या नोंदी पाहिल्या. ॲस्पिरिनच्या गोळ्यांमधलं मोकळं सॅलिसिलिक ॲसिड मोजायच्या मेथडसाठी आपण २० मिलीमोलर फॉस्फेट बफर करतो, पीएच २.५० ± ०.०५. सॉल्ट तोललं, ऑर्थोफॉस्फोरिक ॲसिड म्हणजे ओपीए तोललं, लिटरभर पाण्यात विरघळवलं आणि मीटर लावला की वाचन २.७ च्या आसपास. मग तू थेंबथेंब ओपीए घालून २.५० वर आणतोस आणि "pH adjusted" असं लिहून पुढे जातोस. मधल्या काळात इलेक्ट्रोड बदलून झाला, बफरच्या नव्या बाटल्या आल्या, मीटरला शिव्याही देऊन झाल्या. २.७ काही हललं नाही.

मीटरचा यात दोष नाही आणि तुझ्या तोलण्याचाही नाही. दोष कागदावरच्या गणितात आहे. ही अडचण नव्या माणसाला आपल्याकडे हमखास येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढच्यांनाही हेच वाचायला देता येईल.

आधी मीटर आणि वजनं बाजूला काढू

मीटर खराब असला की वाचनं सहसा दोन्हीकडे भरकटतात. आज २.४४, उद्या २.५८, परवा स्थिरच होत नाही. तुझी वाचनं मात्र एकाच बाजूला, जवळजवळ एकाच अंतरावर आहेत. नवा इलेक्ट्रोड लावल्यावरही तिथंच. अशी शिस्तबद्ध चूक दिसली की यंत्राआधी गणिताकडे बघायचं.

तरी खातरजमा हवीच. आपण रोज मीटर ४.०१ आणि ७.०० वर कॅलिब्रेट करतो, आणि २.५ हे त्या दोघांच्या बाहेर पडतं. म्हणून या कामासाठी १.६८ चं टेट्राऑक्झलेट आणि ४.०१ चं थॅलेट अशी जोडी घे. या जोडीवर स्लोप नीट आला आणि त्यानंतर टेट्राऑक्झलेट परत ठेवून १.६८ मिळालं, तर मीटर निर्दोष. तू हे केलंस, नोंदही आहे, आणि लगेच मोजलेला बफर पुन्हा २.७१. तिथंच मीटरचा विषय संपायला हवा होता.

राहिली वजनं. ओपीएची बाटली जुनी आहे, तिनं ओलावा ओढला असेल, ही तुझी शंका वाजवी होती. पण ती आकड्यांत तपासून बघ. तुझ्याच सूत्रानं २.५० ऐवजी २.७२ यायला सॉल्ट आणि ॲसिड यांचं गुणोत्तर सुमारे १.६६ पट चुकायला हवं. म्हणजे ८५ टक्क्यांच्या बाटलीत प्रत्यक्षात ५१ टक्के ॲसिड असायला हवं. इतकं पाणी ओढलेली बाटली तोलताना हातालाच कळेल, कारण ओपीए काकवीसारखं घट्ट असतं आणि ते पाण्यासारखं वाहू लागेल. तेव्हा तेही नाही.

तू काय केलंस

तुझ्या वहीतलं गणित असं आहे. फॉस्फोरिक ॲसिडचा पहिला पीकेए २.१५. हवा तो पीएच २.५०. फरक ०.३५, म्हणून सॉल्ट आणि ॲसिड यांचं गुणोत्तर १० चा ०.३५ वा घात, म्हणजे २.२४. एकूण २० मिलीमोल या गुणोत्तरात वाटले की सॉल्ट १३.८३ आणि ॲसिड ६.१७. त्यावरून KH2PO4 १.८८२ ग्रॅम आणि ८५ टक्के ओपीए ०.७११ ग्रॅम. बेरीज-गुणाकार सगळं बरोबर. हेंडरसन-हॅसलबाखचं सूत्रही बरोबर लिहिलंयस.

गोम अशी की त्या सूत्रात जी दोन प्रमाणं येतात ती द्रावणात शेवटी शिल्लक असलेली असतात, समतोल साधल्यानंतरची. तू तिथं बाटलीतून तोललेली घातलीस. बहुतेक बफरमध्ये या दोहोंत फरक इतका नगण्य असतो की कुणी विचारतही नाही. इथं मात्र तो प्रचंड आहे.

किती ते बघ. पीएच २.५० म्हणजे द्रावणात हायड्रोजन आयन ३.१६ मिलीमोलर. हे आयन आले कुठून? पाण्यातून नाही, इतक्या आम्लात पाण्याचा वाटा शून्यच धरायचा. ते सगळे तू घातलेल्या फॉस्फोरिक ॲसिडनं सोडले. प्रत्येक आयन सोडताना ॲसिडचा एक रेणू ॲसिड राहत नाही, तो सॉल्टच्या बाजूला जाऊन बसतो. तू ॲसिड ठेवलंस ६.१७ आणि अपेक्षा केलीस की त्यातून ३.१६ आयन बाहेर पडतील, पण ॲसिड मात्र ६.१७ च राहील. निम्म्याहून जास्त ॲसिड खर्ची पडणार आणि हिशेबात त्याची नोंदच नाही.

प्रत्यक्षात ३.१६ इतकं सुटतही नाही. ॲसिड सुटू लागलं की सॉल्टची बाजू वाढते, ॲसिडची घटते आणि दोन्ही बदल मिळून पुढचं सुटणं रोखतात. कुठंतरी मध्येच गाडं थांबतं. ते नेमकं कुठं थांबतं हे काढायलाच वर्गसमीकरण लागतं.

समीकरण

तोललेलं सॉल्ट Cs, तोललेलं ॲसिड Ca आणि सुटलेले हायड्रोजन आयन h म्हणू. समतोलाला ॲसिड उरतं Ca वजा h, आणि सॉल्टची बाजू होते Cs अधिक h. हे स्थिरांकाच्या व्याख्येत जसंच्या तसं ठेवलं की झालं, यात h कुठंच गाळलेला नाही:

```
Ka = h (Cs + h) / (Ca - h)
h^2 + (Cs + Ka) h - Ka Ca = 0
```

पहिल्या ओळीत कंसातले दोन्ही h खोडून बघ, उरतं Ka = h Cs / Ca, आणि त्याचा लॉग घेतला की हेंडरसन-हॅसलबाख. म्हणजे तुझ्या सूत्रात हे दोन h शून्य धरलेले आहेत. आता तुझे आकडे घालू:

```
Cs = 0.01383   Ca = 0.00617   Ka = 0.00708
h^2 + 0.02091 h - 0.0000437 = 0
h  = (-0.02091 + sqrt(0.0004372 + 0.0001747)) / 2
   = (-0.02091 + 0.02474) / 2
   = 0.00191
pH = 2.72
```

दुसरं मूळ ऋण येतं, ते सोडून द्यायचं. आणि २.७२ हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? तुझा मीटर इतके दिवस हेच सांगत होता.

उत्तर पडताळून घ्यायची सवय ठेव, दोन मिनिटांचं काम आहे. १.९१ सुटलं म्हणजे ॲसिड उरलं ४.२६ आणि सॉल्टची बाजू झाली १५.७४. यांचं गुणोत्तर ३.७०, त्याचा लॉग ०.५७, त्यात २.१५ मिळवले की २.७२. हे करताना मी हेंडरसन-हॅसलबाखच वापरलं, आणि ते अगदी बरोबर उत्तर देतंय. कारण या वेळी त्याला खरे आकडे दिले.

फॉस्फोरिक ॲसिडला तीन प्रोटॉन आहेत, मग समीकरण वर्गाचंच का, असा प्रश्न येईल. दुसरा पीकेए ७.२० आहे. पीएच २.५ पासून तो पावणेपाच एककं दूर, म्हणजे दुसरा प्रोटॉन सोडलेले रेणू पन्नास हजारांत एखादा. तिसऱ्याचं तर नावच नको. ते वगळणं हेही अंदाजच आहे, पण तो किती चुकतो हे आपण पाहिलंय. तू h वगळलास तेव्हा तेवढंच बघायचं राहिलं.

"एकदा सुधारून" भागत नाही

वहीच्या पुढच्या पानावर तू एक प्रयत्न केलेला दिसतो, आणि तो अर्ध्यातच खोडलाय. विचार योग्य दिशेनं होता. पहिल्या उत्तरातले ३.१६ घेऊन तू ॲसिडमधून वजा केलेस, सॉल्टमध्ये मिळवलेस आणि पीएच पुन्हा काढलास. आला २.९०. मीटर म्हणतो २.७, पहिलं गणित म्हणतं २.५०, सुधारलेलं म्हणतं २.९०. तुला वाटलं सुधारणेनंच घोळ घातला.

घोळ नाही, तो झोका आहे. पहिल्यांदा h जास्त धरला म्हणून वजाबाकी जास्त झाली आणि पुढचा h फार कमी आला. तोच h घेऊन तिसरी फेरी केली असतीस तर २.६४ आलं असतं, चौथीत २.७७. असं वरखाली होत ते २.७२ वर येऊन टेकतं, पण त्याला बऱ्याच फेऱ्या लागतात. सुटणारा भाग थोडा असेल तर एका फेरीत काम होतं आणि पुस्तकांत म्हणूनच ही युक्ती छान चालते. इथं तिसरा हिस्सा ॲसिड सुटतंय, तेव्हा झोके मोठे. वर्गसमीकरण एकदाच सोडवायचं आणि मोकळं व्हायचं. एक्सेलमध्ये तर एकच ओळ आहे. B1 मध्ये Ka, B2 मध्ये ॲसिड, B3 मध्ये सॉल्ट, तिन्ही मोलरमध्ये:

```
=-LOG10((-(B1+B3)+SQRT((B1+B3)^2+4*B1*B2))/2)
```

B1 मध्ये 0.00708 असं हातानं लिहू नकोस, `=10^-2.15` लिही. पुढे पीकेए बदलला तर एकाच जागी बदलावा लागेल.

ॲसिटेटला हे कधीच का दिसलं नाही

तू मागच्या विभागात ॲसिटेट केलेस, कायम हेच सूत्र वापरलंस आणि मीटरनं कधी कुरकुर केली नाही. त्याचं कारण सरळ आहे. २० मिलीमोलर ॲसिटेट, पीएच ४.७६, ॲसिड आणि सॉल्ट दहा-दहा मिलीमोलर. हायड्रोजन आयन ०.०१७ मिलीमोलर. दहातून ०.०१७ वजा केले काय आणि न केले काय, पीएचच्या दुसऱ्या दशांशालाही धक्का लागत नाही.

हेंडरसननं १९०८ मध्ये हे नातं मांडलं आणि हॅसलबाखनं १९१६ च्या सुमारास त्याला लॉगचं रूप दिलं, ते रक्तातल्या बायकार्बोनेटच्या अभ्यासासाठी. रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे हायड्रोजन आयन ४० नॅनोमोलर, आणि बायकार्बोनेट साधारण २४ मिलीमोलर. सहा लाख पटींचा फरक. तिथं h वगळणं पूर्ण रास्त होतं. ज्या सूत्राचा जन्मच अशा ठिकाणी झाला त्याला आपण पीएच २.५ ला, तेही पातळ द्रावणात, जुंपतोय.

तेव्हा कुठलाही बफर कागदावर घेतला की तोलायच्या आधी एकच तुलना करायची. हव्या त्या पीएचचे हायड्रोजन आयन किती मिलीमोलर, आणि सूत्रानं दिलेल्या ॲसिड-सॉल्टपैकी जो लहान आकडा आहे तो किती. पहिला दुसऱ्याच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर सरळ सूत्र चालवून घे. तुझ्या बफरमध्ये ही टक्केवारी ५१ आहे.

"लहान आकडा" म्हणतेय त्याकडे लक्ष दे. पीएच ३.० ला आयन १ मिलीमोलरच असतात, म्हणून २० मिलीमोलर फॉस्फेटला आता धोका नाही असं वाटतं. पण पीकेएपासून दूर गेल्यामुळे ॲसिडचा वाटाही आटून २.४८ मिलीमोलर होतो, आणि टक्केवारी चाळीसवर येते. तिथंही सूत्रावर विसंबून केलेला बफर ३.१६ भरतो. आम्लाचा पीएच जरा वर गेला म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही.

बाकावरची खूण

गणितावर विश्वास बसायला वेळ लागतो, म्हणून हे हातानं करून बघ. तुझ्या जुन्या पद्धतीचा बफर घे, ओपीएचे थेंब न घालता. त्यातले १० मिली १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये पाण्यानं खुणेपर्यंत भर. आता सॉल्ट १.३८ आणि ॲसिड ०.६२ मिलीमोलर, गुणोत्तर तेच २.२४. तुझ्या सूत्रात एकाग्रता येतच नाही, फक्त गुणोत्तर येतं, त्यामुळे त्याच्या मते पीएच अजूनही २.५०. वर्गसमीकरण सांगतं ३.३ च्या आसपास.

मीटर काय दाखवतो ते पाहा आणि वहीत लिही. ही चाचणी मला आवडते, कारण पाऊण एककापेक्षा मोठा फरक कुठल्याही इलेक्ट्रोडच्या माथी मारता येत नाही. शिवाय दुसऱ्या कुठल्या बफरबद्दल शंका आली तरी हीच युक्ती चालते. दहापट पातळ केल्यावर पीएच भरभरून सरकला, तर त्याचं गणित सरळ सूत्रानं करण्यासारखं नव्हतं असं खुशाल समज. दहाव्या-विसाव्या भागाइतका सरकला तर ते इतर कारणांनीही होतं, त्यावरून निष्कर्ष काढू नकोस.

थेंब घालून २.५० वर आणलं तर बिघडलं काय?

हा तुझा प्रश्न मला कॉरिडॉरमध्येही ऐकू आला होता. शेवटी पीएच तर २.५० झालाच ना?

पीएच झाला, पण बफर २० मिलीमोलर राहिला नाही. सॉल्ट १३.८३ वर अडकलेलं असताना पीएच २.५० ला आणायचा तर सॉल्टची बाजू समतोलाला १६.९९ होते, आणि त्या प्रमाणात एकूण फॉस्फेट २४.६ मिलीमोलर. लेबलवर २०, बाटलीत जवळपास पंचवीस. तू थेंबांनी घातलेलं ओपीए सुमारे ०.५३ ग्रॅम भरतं, म्हणजे सुरुवातीला तोललेल्या ०.७१ ग्रॅमच्या पाऊणपट. हे "ॲडजस्टमेंट" म्हणायच्या पलीकडचं आहे. आणि ते नोंदीत कुठंच नाही, कारण थेंब कुणी मोजत नाही.

ज्या मेथडमध्ये "इतकं सॉल्ट विरघळवा आणि ओपीएनं पीएच जुळवा" असं लिहिलंय तिथं थेंब घालणं हीच पद्धत आहे आणि तसंच करायचं. तिथं ताकद सॉल्टच्या वजनावरून ठरलेली असते. आपल्या एसओपीत मात्र एकूण फॉस्फेट २० मिलीमोलर दिलंय आणि दोन्ही घटक तोलायचे आहेत. दोन्ही गोष्टी एकदम पाळायच्या तर गणित नेमकंच लागतं.

दुसरी शक्यता याहून वाईट. उद्या कुणी वजनांवर भरवसा ठेवून मीटर न लावताच बफर चढवला तर तो २.७२ वर चालेल. सॅलिसिलिक ॲसिडचा पीकेए २.९७. पीएच २.५० ला त्याचा ७५ टक्के भाग भाररहित असतो, २.७२ ला ६४ टक्के. सी-१८ कॉलम भाररहित रूपच धरून ठेवतो, त्यामुळे त्याचा पीक लवकरच्या वेळेकडे सरकतो. ॲस्पिरिनचा पीकेए ३.५, त्याचा भाररहित भाग ९१ वरून ८६ वर येतो, म्हणजे तो पीक कमी सरकतो. आपल्या क्रोमॅटोग्राममध्ये ॲस्पिरिन आधी आणि सॅलिसिलिक नंतर येतं. मागचा जास्त सरकला आणि पुढचा कमी, तर मधलं अंतर घटणारच. ॲसिटोनायट्राइल मिसळल्यावर हे पीकेए आणि पीएच दोन्ही बदलतात, तेव्हा टक्केवारी अक्षरशः घेऊ नकोस, पण सरकण्याची दिशा हीच राहते. रेझोल्यूशन कमी का झालं म्हणून मग आपण कॉलम धूत बसणार.

मग तोलायचं किती?

इथं एक गंमत आहे. पीएच ठरलेला असेल तर वर्गसमीकरण सोडवावंच लागत नाही. h अज्ञात असतो तेव्हा ते लागतं, आणि इथं h आपणच ठरवलाय, ३.१६. सूत्रानं दिलेलं १३.८३ हे समतोलाचं सॉल्ट बरोबरच आहे. त्यातलं ३.१६ ॲसिड स्वतःच तयार करून देणार आहे, म्हणून ते सॉल्टमधून वजा करायचं आणि ॲसिडमध्ये मिळवायचं. सॉल्ट १०.६७, ॲसिड ९.३३, बेरीज वीसच.

लिटरला KH2PO4 १.४५२ ग्रॅम आणि ८५ टक्के ओपीए १.०७६ ग्रॅम. ओपीए तोलूनच घे, पिपेटनं नको. इतकं चिकट द्रव पिपेटच्या भिंतीला राहतं आणि ०.६४ मिली घेतलं असं वाटत असताना त्याहून कमी पडतं. बाटलीवर लिहिलेली शुद्धता ८५ टक्के नसेल तर वजन त्या प्रमाणात बदल, वजन म्हणजे ०.९१४ ग्रॅम भागिले ती शुद्धता, दशांशात. पीएच ॲसिटोनायट्राइल मिसळायच्या आधी मोज.

हे आकडे आता वरच्या एक्सेलच्या ओळीत घाल. २.५० यायलाच हवं. रेसिपी वजाबाकीनं काढायची आणि ती बरोबर आहे का हे वर्गसमीकरणानं तपासायचं, असा क्रम ठेव. वजाबाकीत चिन्ह उलटं झालं तर तपासणीत लगेच सापडतं.

आता तू विचारशील की आयनांच्या परस्पर ओढीचा, म्हणजे ॲक्टिव्हिटीचा हिशेब कुठं गेला. तो मी करून पाहिला. या ताकदीला ॲक्टिव्हिटी गुणांक ०.८९ च्या आसपास येतो, ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. पण तो एकीकडे ॲसिडला जास्त सुटायला लावतो आणि दुसरीकडे सुटलेल्या आयनांची मीटरला जाणवणारी मात्रा कमी करतो. इथं दोन्ही परिणाम जवळजवळ फिटतात. सगळं धरून सॉल्ट १०.७६ येतं, आपलं १०.६७. जुन्या रेसिपीचा पीएचही २.७२ ऐवजी २.७१ निघतो. हे सुदैव या ताकदीपुरतं आणि या पीएचपुरतं आहे. बफर शंभर-दोनशे मिलीमोलरचा झाला की चित्र उलटतं. तिथं h वगळल्यानं फारसं बिघडत नाही, पण ॲक्टिव्हिटीमुळे पीएच चांगलाच खाली येतो, आणि ते वर्गसमीकरणानं दुरुस्त होत नाही. सायट्रेटलाही ही ओळ लावू नकोस. त्याचे पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४० इतके जवळजवळ आहेत की एकाच वेळी दोन प्रोटॉनांचा हिशेब करावा लागतो.

पुढच्या आठवड्यातला बफर

मेथड डेव्हलपमेंटवाल्यांनी २० मिलीमोलर, पीएच २.० मागितलाय, तो कागद तुझ्या टेबलवर आहे. सरळ सूत्र त्याचीही रेसिपी बिनदिक्कत देईल, सॉल्ट ८.२९ आणि ॲसिड ११.७१. ती करू नकोस, मीटर २.३७ दाखवेल. वजाबाकी करून बघ, आयन १०, म्हणून सॉल्ट ८.२९ वजा १०, म्हणजे उणे १.७१. उणे सॉल्ट तोलता येत नाही. याचा अर्थ २० मिलीमोलर फॉस्फेटनं, नुसतं ओपीए घेतलं तरी, २.० गाठता येत नाही. नुसत्या २० मिलीमोलर ओपीएचा पीएच २.०५ येतो.

त्यांना दोन पर्याय कळव. २.०५ चालत असेल तर सॉल्टशिवाय नुसतं ओपीए घ्या. नेमका २.० हवा असेल तर ताकद ५० मिलीमोलर करा. तेव्हा सॉल्ट २०.७ वजा १०, म्हणजे १०.७, आणि ॲसिड ३९.३ मिलीमोलर. ५० ला ॲक्टिव्हिटी जाणवू लागेल, तेव्हा पहिला लॉट लहान कर, १०० मिलीच, आणि १.६८-४.०१ वर लावलेल्या मीटरवर मोजून मगच लिटरचा कर. आधीच्या लॉटच्या नोंदींत मी "एकूण फॉस्फेट अंदाजे २४.६" असा शेरा लिहून सही केली आहे, तिथं तुझीही सही लागेल.